बॅटरीचा दिवा लागला आणि बेल्ट तुटला होता: एका फोनचा प्रकरण अभ्यास

“मॅडम, डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागलाय. बॅटरी बसली बहुतेक. कुणाला तरी पाठवता का?”

रात्री 8 वाजून 40 मिनिटांनी आलेल्या फोनचं हे पहिलं वाक्य. रस्त्यात अडकलेल्या गाड्यांना मदत पाठवणाऱ्या सेवेत फोन घ्यायचं काम मी करत होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. फोन करणारे गृहस्थ महामार्गाच्या कडेला थांबले होते. गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, मागच्या सीटवर त्यांची वयस्कर आई. मी ठिकाण विचारलं, गाडीचा नंबर आणि मॉडेल विचारलं. मग विचारलं, “इंजिन चालू आहे का?”

“चालू आहे.”

“मग बंद करू नका सर. बंद केलंत तर परत सुरू होणार नाही. पुढे 9 किलोमीटरवर पेट्रोल पंप आहे, उजेड आहे, माणसं आहेत. सावकाश तिथपर्यंत या. आमचा माणूस तिथेच येईल.”

मी नोंद केली: बॅटरी-चार्जिंगची तक्रार, गाडी चालू स्थितीत. अशी नोंद झाली की छोटी व्हॅन निघते. तिच्यात बॅटरी तपासायचं यंत्र, जम्प स्टार्टच्या वायरी आणि एखादी नवी बॅटरी असते. गाडी उचलून नेणारा ट्रक निघत नाही.

8 वाजून 52 मिनिटांनी त्यांचा दुसरा फोन आला. गाडी ओढत नव्हती, बोनेटच्या फटींतून वाफ येत होती आणि तापमानाचा काटा लाल पट्टीच्या टोकाला जाऊन टेकला होता. ते साधारण सहा किलोमीटर आले होते. आता ते अंधारात, अरुंद कडेला उभे होते. पहिल्यांदा थांबले होते ती जागा याहून कितीतरी सुरक्षित होती, आणि तिथून त्यांना मीच हलवलं होतं.

व्हॅन 9 वाजून 25 मिनिटांनी पोचली. मेकॅनिकने बोनेट उघडलं आणि बॅटरीला हातसुद्धा लावला नाही. इंजिनच्या बाजूने फिरणारा बेल्ट जागेवर नव्हता. त्याच्या चिंध्या एका पुलीभोवती गुंडाळल्या होत्या आणि कूलंटच्या टाकीतलं पाणी उकळून बाहेर सांडलं होतं. बॅटरी ठणठणीत होती. त्यानंतर अख्खी गाडी वर घेणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकची मागणी गेली, आणि तो यायला 10 वाजून 50 मिनिटं झाली. वर्कशॉपमध्ये कळलं की बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग जाम होऊन बेल्ट फाटला होता. हे दुरुस्तीचं काम एका दिवसाचं. पण गरम झालेल्या इंजिनाचं सिलिंडर हेड वाकलं होतं आणि हेड गॅस्केट गेलं होतं. ते काम कित्येक दिवसांचं आणि खर्चाचं, आणि ते नुकसान त्या शेवटच्या काही किलोमीटरमध्ये झालं होतं.

दोन दिवसांनी मी त्या गृहस्थांशी सविस्तर बोलले. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते पहिल्या फोनमध्ये आलं असतं तर सगळंच वेगळं घडलं असतं. आठवडाभर सकाळी गाडी सुरू करताना बोनेटमधून ‘चीं’ असा आवाज यायचा आणि मिनिटभराने थांबायचा. त्या रात्री आधी बोनेटखाली ‘फट्’ असं काहीतरी वाजलं, लगोलग दिवा लागला. त्याच क्षणी स्टिअरिंग दगडासारखं जड झालं आणि एसीतून गरम हवा यायला लागली.

“मग हे तुम्ही बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“अहो, मला वाटलं ते वेगळं आहे. स्टिअरिंग जड झालं म्हणजे टायरमधली हवा कमी झाली असेल. एसीचा गॅस संपला असेल, तो उन्हाळ्यापासून कमीच होता. तुम्ही दिव्याचं विचारलंत, मी दिव्याचं सांगितलं.”

यात त्यांची चूक मला दिसत नाही. गाडी आपल्याशी दिव्यांच्या भाषेत बोलते असं सगळ्यांनाच वाटतं, म्हणून फोनवर माणूस दिवा सांगतो. पण दिवा सगळं सांगत नाही, आणि हा दिवा तर फारच थोडं सांगतो.

त्याच्यावर बॅटरीचं चित्र असलं तरी तो बॅटरीबद्दल नसतो. तो चार्जिंगबद्दल असतो. इंजिन चालू असताना ऑल्टरनेटर वीज तयार करतो आणि बॅटरीला साधारण 14 व्होल्टवर चार्ज करत राहतो. ही वीज यायची थांबली की दिवा लागतो. थांबण्याचं कारण ऑल्टरनेटरच्या पोटात असू शकतं, सैल झालेल्या वायरीत असू शकतं, किंवा ऑल्टरनेटरला फिरवणारा बेल्टच तुटलेला असू शकतो. दिव्याला यातला फरक कळत नाही.

आणि नेमका तो बेल्ट एकट्या ऑल्टरनेटरचा नसतो. या गाडीत तोच बेल्ट स्टिअरिंगचा हायड्रॉलिक पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि इंजिनात कूलंट फिरवणारा वॉटर पंप असं सगळं फिरवत होता. बेल्ट तुटला आणि चारही एकदम थांबले. त्यांपैकी दिवा फक्त ऑल्टरनेटरला आहे. स्टिअरिंगचा पंप थांबला हे हाताला कळलं, कॉम्प्रेसर थांबला हे चेहऱ्यावरच्या हवेला कळलं. वॉटर पंप थांबला हे मात्र कुणालाच कळलं नाही, कारण त्याची खूण उशिरा येते. रेडिएटरचा विजेवरचा पंखा फिरतच होता, पण पंख्याच्या हवेने रेडिएटरमधलं पाणी गार होऊन काय उपयोग? ते पाणी इंजिनापर्यंत पोचतच नव्हतं. गाडीत सगळ्यांत महाग नुकसान करणारी गोष्ट त्या वेळी सगळ्यांत गप्प होती.

आता माझ्या सल्ल्याकडे पाहा. ‘इंजिन बंद करू नका, चालवत या’ हा सल्ला एरवी चुकीचा नाही. बेल्ट शाबूत असेल आणि ऑल्टरनेटर आतून गेला असेल, तर गाडी बॅटरीत साठलेल्या विजेवर चालते. बंद केली तर सुरू करताना स्टार्टर मोठा घोट घेतो आणि बहुधा तिथेच ती अडकते. अशा वेळी एसी, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, म्युझिक बंद करून जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत जाणं शहाणपणाचं असतं. बेल्ट तुटला असेल आणि वॉटर पंप त्याच्यावर असेल, तर मात्र नेमकं उलटं: रस्त्याच्या कडेला सुरक्षित होताक्षणी इंजिन बंद. दिवा तोच, रंग तोच, आणि योग्य उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध. म्हणूनच निव्वळ ‘बॅटरीचा दिवा लागलाय’ एवढ्यावर कुणीही, अगदी कितीही अनुभवी ऑपरेटरने, ‘चालवा’ किंवा ‘थांबा’ सांगू नये, आणि चालकानेही तसं उत्तर घेऊ नये.

मग फोनवर काय सांगायला हवं होतं? तोच फोन मी नंतर कागदावर पुन्हा लिहून काढला. त्या गृहस्थांना जे माहीत होतं तेवढंच वापरून, एकही तांत्रिक शब्द न घालता, तो असा झाला असता:

“महामार्गाच्या कडेला थांबलोय, अमुक दिशेने जाताना, अमुक किलोमीटरच्या दगडाजवळ. आम्ही दोघं आहोत, आई म्हातारी आहे. दहा मिनिटांपूर्वी साठच्या वेगाने जाताना बोनेटखाली फट् असा आवाज झाला. लगेच लाल दिवा लागला, छोट्या पेटीचं चित्र आहे, आत अधिक-उणे. दिवा लुकलुकत नाही, सलग आहे. दिवा लागला तेव्हापासून स्टिअरिंग जड झालंय आणि एसी गार हवा देत नाही. ब्रेक नेहमीसारखे आहेत. इंजिन आत्ता चालू आहे. तापमानाचा काटा मध्याच्या जरा वर आहे, एरवी तो मध्याच्या खाली असतो. आठवडाभर सकाळी चीं आवाज येत होता.”

हे बोलायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. ऐकणाऱ्याला ‘बेल्ट’ हा शब्द मिळाला नाही तरी बेल्ट ऐकू येतो. मी लगेच म्हटलं असतं, “सर, आधी इंजिन बंद करा, मग बोलू.” आणि व्हॅनऐवजी पहिल्याच फेरीत फ्लॅटबेड निघाला असता.

या बोलण्यातला माझ्या मते सगळ्यांत मोलाचा भाग म्हणजे ‘तेव्हापासून’ हा शब्द. कोणतीही दोन लक्षणं एकाच क्षणी सुरू झाली तर त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. चालकाला ती वेगळी वाटतात, कारण स्टिअरिंग, एसी आणि बॅटरी ही त्याच्या लेखी वेगवेगळी खाती आहेत. म्हणून संबंध जोडण्याच्या भानगडीत त्याने पडूच नये. फक्त काय आधी झालं, काय नंतर, आणि काय एकदम, एवढं क्रमाने सांगावं. जोडणं ऐकणाऱ्याचं काम.

क्रमाचा दुसरा एक प्रसंग इथेच सांगते, कारण तो फोनवर सारखा यायचा. “गाडी बंद पडली. ऑइलचा दिवा लागलाय, बॅटरीचाही लागलाय.” ऐकून पोटात गोळा येतो, कारण तेलाच्या किटलीचा लाल दिवा म्हणजे इंजिनात तेलाचा दाब नाही. धावत्या गाडीत तो लागला तर एक किलोमीटरही जायचं नसतं, तिथेच बंद. पण इंजिन थांबल्यावर चावी ‘ऑन’ असेल तर हे दोन्ही दिवे लागणारच. इंजिन फिरत नाही म्हणून तेलाचा पंप फिरत नाही, ऑल्टरनेटर फिरत नाही, दिवे खरंच बोलतायत. त्यामुळे दिवे आधी लागले आणि मग गाडी बंद पडली, की गाडी आधी बंद पडली आणि मग दिवे दिसले, हे सांगितलं नाही तर त्या दोन दिव्यांना काहीच अर्थ राहत नाही. पहिल्या क्रमाने इंजिन वाचवायचं असतं, दुसऱ्या क्रमाने कदाचित पेट्रोलच संपलेलं असतं.

डॅशबोर्डचा फोटो पाठवणाऱ्यांचाही असाच घोळ होतो. लोक गाडी बंद करतात, मग फोटो हवा म्हणून चावी फिरवतात आणि क्लिक करतात. त्या क्षणी गाडी स्वतःचे दिवे तपासून पाहत असते, म्हणून जवळजवळ सगळेच पेटलेले असतात. असा फोटो पाहून कुणीही घाबरेल आणि कळणार काहीच नाही. गाडी कडेला सुरक्षित थांबल्यावर, इंजिन अजून चालू असेल तर बंद करण्याआधी एक फोटो काढावा. बंद झालंच असेल तर फोटोसाठी पुन्हा सुरू करू नये. आठवेल ते चित्र शब्दांत सांगावं. नाव माहीत असण्याची गरज नाही: ‘पाण्यात बुडालेला थर्मामीटर’, ‘किटली आणि थेंब’, ‘वर्तुळात उद्गारचिन्ह’ एवढं बोललं की कळतं. सोबत रंग आणि सलग की लुकलुकणारा, हे दोन्ही हवेत. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा सलग असेल तर गाडी नीट चालत असताना सांभाळून जाता येतं. तोच लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल, तर इंजिनात इंधन नीट जळत नाहीये आणि ते न जळलेलं इंधन एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळून टाकू शकतं.

उलट, स्वतःचं निदान आधी सांगणं टाळावं. ‘बॅटरी बसली’ हे दोन शब्द त्या रात्री माझ्या कानात सगळ्यांत आधी पडले आणि मी पुढचे प्रश्न त्याच दिशेने विचारले. ‘इंजिन चालू आहे का’ हा प्रश्नसुद्धा बॅटरीचाच प्रश्न होता. निदान सांगायचंच असेल तर शेवटी सांगावं, म्हणजे ते लक्षणांना झाकत नाही.

‘चालवू का?’ या प्रश्नाबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण माणूस खरं तर त्यासाठीच फोन करतो. ऑपरेटरला गाडी दिसत नाही. चालकाच्या शब्दांतून जेवढी दिसते तेवढीच. म्हणून हा प्रश्न विचारताना सोबत तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात: ब्रेक, स्टिअरिंग आणि ताकद यांत काही बदललंय का, तापमानाचा काटा कुठे आहे आणि एरवी कुठे असतो, आणि आत्ता जिथे उभे आहात ती जागा किती सुरक्षित आहे. तिसरी गोष्ट लोक विसरतात. जागा वाईट असेल, वळणावर किंवा वाहत्या लेनमध्ये, तर बिघडलेली गाडीसुद्धा दोनशे मीटर पुढे नेणं योग्य ठरतं, कारण माणसाचा जीव इंजिनाआधी. मात्र ‘दोनशे मीटर’ आणि ‘नऊ किलोमीटर’ यांत फरक आहे. ‘थोडं पुढे’ असं उत्तर मिळालं तर अंतर विचारून घ्यावं, आणि वाटेत काय दिसलं तर लगेच थांबायचं हेही.

मी त्या रात्री हे दुसरं सांगितलंच नाही. ते गृहस्थ सहा किलोमीटर बॅटरीच्या दिव्यावर डोळा ठेवून चालले होते. शेजारचा काटा चढत गेला तो त्यांना वाफ दिसल्यावर दिसला. पुष्कळ नव्या गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त दिवा असतो: इंजिन गार असताना निळा, फार तापलं की लाल. तिथे मधली पायरीच दिसत नाही. आणि जिथे काटा आहे तिथेही एक फसवणूक आहे. कूलंट पुरतं सांडून गेलं की तापमान मोजणारा सेन्सर पाण्याऐवजी हवेत उघडा राहतो आणि काटा खाली उतरू शकतो. तापलेल्या गाडीचा काटा अचानक उतरला म्हणजे ती गार झाली असं धरून पुढे निघू नये. ते ऑपरेटरला सांगावं.

बेल्टची खात्री करायची तर एसी हा सोपा साक्षीदार आहे. स्टिअरिंग तितकं भरवशाचं नाही. विजेवर चालणारं स्टिअरिंग असलेल्या गाडीत बेल्ट तुटला तरी ते आधी हलकंच राहतं. अशा गाडीत ऑल्टरनेटर गेला असेल तर बॅटरी उतरत आल्यावर ते नंतर जड होतं. तुटलेल्या बेल्टने जड होणारं हायड्रॉलिक स्टिअरिंग मात्र दिव्याबरोबरच जड होतं. काही इंजिनांत वॉटर पंप आतल्या टायमिंग बेल्टवर असतो, तिथे बाहेरचा बेल्ट तुटला तरी पाणी फिरत राहतं. कोणत्या गाडीत काय आहे हे चालकाला माहीत असायची अपेक्षा नाही. म्हणून मॉडेल, साल आणि इंधन आधी सांगायचं, आणि शंका असेल तर इंजिन बंद ठेवूनच उत्तराची वाट पाहायची. गिअर ऑटोमॅटिक असेल किंवा चारही चाकांना ताकद जात असेल तर तेही न विचारता सांगावं. अशा बऱ्याच गाड्या चाकं रस्त्यावर फिरवत ओढल्या तर गिअरबॉक्सचं नुकसान होतं, म्हणून अख्खी गाडी वर घेणारा ट्रकच लागतो.

बोनेट उघडून बेल्ट पाहावा का? जागा सुरक्षित असेल, इंजिन बंद असेल आणि वाफ नसेल तर डोळ्यांनी पाहायला हरकत नाही. हात आत घालायचा नाही. इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा आपोआप फिरू लागू शकतो. आणि गरम इंजिनाचं कूलंटचं झाकण कुणी कितीही सांगितलं तरी उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि झाकण सैल होताच उसळून चेहऱ्यावर, हातांवर येतं. त्या रात्री ते गृहस्थ बाटलीतलं पाणी घेऊन झाकणाकडे वळले होते. दुसऱ्या फोनवर मी एवढं एक मात्र वेळेत बोलले.

त्यानंतर माझ्या टेबलावरच्या चिठ्ठीवर एक प्रश्न कायमचा चिकटला: ‘दिव्याबरोबर आणखी काय बदललं? एसी गार आहे का?’ काही आठवड्यांनी एका बाईंचा फोन आला. बॅटरीचा लाल दिवा, सलग, संध्याकाळची वेळ, आडवळणाची जागा. मी प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, एसी गार आहे, स्टिअरिंग हलकं आहे, आवाज काही झाला नाही, काटा जिथे असतो तिथेच आहे. मी त्यांना एसी आणि ब्लोअर बंद करून, इंजिन चालू ठेवून चार किलोमीटरवरच्या वस्तीपर्यंत यायला सांगितलं. काटा हलला, स्टिअरिंग जड झालं किंवा हेडलाइट मंद झाले तर तिथेच थांबून फोन करा, असंही सांगितलं. त्या पोचल्या. मेकॅनिकने इंजिन चालू असतानाच बॅटरीवर मीटर लावला, तर 12.1 व्होल्ट आले. चालू इंजिनावर ते 14 च्या आसपास असायला हवे होते. बेल्ट जागेवर फिरत होता. ऑल्टरनेटर आतून गेला होता.